खाकऱ्याच्या पाकिटावरील चौकट

पाकीटबंद खाद्यपदार्थ विकत घेताना ते उलटून वाचण्याची सवय आपल्या समाजाला इतरांपेक्षा जुनी आहे. हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका आपण आधी पाहतो. मग घटकपदार्थांच्या यादीवरून नजर फिरवतो. कांदा, लसूण, बटाट्याची पूड, मध, जिलेटीन यांपैकी काही आढळले तर पाकीट जागच्या जागी परत जाते. घरातील वृद्ध स्त्रियासुद्धा हे काम चष्मा पुसून, नेटाने करतात. परंतु त्याच यादीच्या शेजारी आकड्यांची एक चौकट छापलेली असते. तिच्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. ती आपल्या उपयोगाची आहे, हेच मुळी आपल्याला वाटत नाही.

मलाही वाटत नव्हते. मागील चातुर्मासात थोरल्या वहिनींचा रक्तदाब वाढला. त्यांचे वय एकाहत्तर. डॉक्टरांनी मीठ कमी करण्यास सांगितले. वहिनींनी तो सल्ला आपल्या स्वभावाप्रमाणे अधिकच काटेकोरपणे पाळला. वरणात मीठ निम्मे केले, ताटातील मिठाची वाटी काढून टाकली आणि अष्टमी-चतुर्दशीला रसपरित्याग म्हणून मीठ पूर्णपणे सोडले. दोन महिन्यांनी पुन्हा तपासले, तर रक्तदाब जवळजवळ तेवढाच होता. डॉक्टरांनी विचारले, "बाहेरचे काही खाता का?" वहिनी म्हणाल्या, "छे, तळलेले तर मी शिवतही नाही. सकाळी दोन आणि चार वाजता तीन खाकरे, एवढेच." तळलेले नाही, भाजलेले आहे, म्हणून खाकरा निर्दोष, असे आपण सारेच धरून चालतो.

पुतण्याचे गोंदियात किराण्याचे दुकान आहे. त्याने खाकऱ्याचे पाकीट माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "काका, आईला हे मराठीत लिहून द्या. तिला इंग्रजी येत नाही, आणि मी सांगितलेले तिला पटत नाही."

आपल्याकडच्या पाकिटांवर मराठी क्वचितच दिसते, याचे कारण कायद्यात आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या लेबलविषयक 2020 च्या विनियमांनुसार सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असली की पुरे. अन्य भाषा हवी तर जोडावी. गोंदियाच्या बाजारात माल नागपूरहून येतो तसा रायपूर आणि राजनांदगावहूनही येतो, त्यामुळे नावे पुष्कळदा हिंदीत असतात. पण आकड्यांची चौकट बहुधा इंग्रजीतच. वहिनी येथील मराठी शाळेत शिकलेल्या. त्यांच्यासाठी हे भाषांतर करणे आवश्यकच होते.

शब्द बदलणे सोपे होते. एनर्जी म्हणजे ऊर्जा, प्रोटीन म्हणजे प्रथिने, कार्बोहायड्रेट म्हणजे कर्बोदके, फॅट म्हणजे मेद, सॅच्युरेटेड फॅट म्हणजे संपृक्त मेद. अर्ध्या तासात एका पोस्टकार्डावर मी सुवाच्य अक्षरात सारे लिहून काढले आणि वहिनींना दिले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, "भाऊजी, सोडियम नऊशे मिलिग्रॅम म्हणजे मी काय समजू? आणि हे नऊ टक्के कशाचे?"

बँकेत सदतीस वर्षे टक्क्यांवरच पोट भरले. तरी या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. टक्का वाचला, पण टक्का कशाचा, हे पाहिले नव्हते. कर्जदाराने हीच चूक केली तर आम्ही त्याला भोळा म्हणत असू.

व्यापारी घरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. सावकार म्हणतो, "शेकडा दोन." बँक म्हणते, "अठरा टक्के." अजाण माणसाला दोनचा आकडा अठराहून स्वस्त वाटतो. आपल्याला ठाऊक असते की सावकाराचे दोन दरमहा आहेत, म्हणजे वर्षाचे चोवीस. मुद्दल आणि मुदत यांच्याशिवाय दराला अर्थ नाही. पाकिटावरील टक्क्याचेही तसेच आहे. त्याला दोन आधार असतात. एक, तो किती वजनाच्या पदार्थासाठी सांगितला आहे. आणि दुसरा, तो कोणत्या दैनिक मर्यादेच्या तुलनेत आहे. हे दोन आधार कळले की चौकट उलगडते.

वहिनींच्या पाकिटावरील चौकट अशी होती. पाकीट 200 ग्रॅमचे. पहिल्या रकान्यात प्रत्येक 100 ग्रॅममागे : ऊर्जा 440 किलोकॅलरी, प्रथिने 11 ग्रॅम, कर्बोदके 63 ग्रॅम, त्यांपैकी एकूण शर्करा 2.5 ग्रॅम आणि वरून घातलेली साखर शून्य, मेद 16 ग्रॅम, त्यांपैकी संपृक्त मेद 4 ग्रॅम, ट्रान्स फॅट शून्य, सोडियम 900 मिलिग्रॅम. दुसऱ्या रकान्यात टक्के : ऊर्जा 4, मेद 5, संपृक्त मेद 4, साखर शून्य, सोडियम 9. वर बारीक अक्षरात लिहिले होते की एका वेळचे प्रमाण 20 ग्रॅम आणि पाकिटात अशी प्रमाणे 10.

म्हणजे दोन रकाने दोन वेगवेगळ्या वजनांचे. पहिला 100 ग्रॅमचा, दुसरा 20 ग्रॅमचा. आडवी ओळ वाचणारा माणूस "सोडियम 900, म्हणजे 9 टक्के" असे वाचतो, आणि तेथेच फसतो. ते 9 टक्के 900 मिलिग्रॅमचे नाहीत. 20 ग्रॅममध्ये जे 180 मिलिग्रॅम सोडियम येते, त्याचे आहेत.

आता दुसरा आधार. प्राधिकरणाने टक्के काढण्यासाठी सरासरी प्रौढ माणसाचा एका दिवसाचा हिशेब ठरवून दिला आहे : ऊर्जा 2000 किलोकॅलरी, मेद 67 ग्रॅम, संपृक्त मेद 22 ग्रॅम, ट्रान्स फॅट 2 ग्रॅम, वरून घातलेली साखर 50 ग्रॅम आणि सोडियम 2000 मिलिग्रॅम, म्हणजेच सुमारे 5 ग्रॅम मीठ. 2000 पैकी 180 म्हणजे 9 टक्के. हिशेब जुळला.

येथे भाषांतराची एक अडचण आली, ती सांगितली पाहिजे. टक्क्यांच्या रकान्याच्या इंग्रजी मथळ्याचा शब्दशः अर्थ 'शिफारस केलेली दैनिक आहारमात्रा' असा होतो. मी आधी तसेच लिहिले होते. वहिनी म्हणाल्या, "शिफारस केली आहे, तर मग शंभर टक्के पुरे व्हायला नकोत का?" प्रश्न बिनतोड होता. प्रथिनांच्या बाबतीत शिफारस म्हणजे एवढे पोटात गेलेच पाहिजे. पण साखर, संपृक्त मेद आणि सोडियम यांच्या बाबतीत तो आकडा कमाल मर्यादेचा आहे. पन्नास ग्रॅम साखर रोज खावी, असे कोणीही सांगितलेले नाही. त्यापुढे जाऊ नये, एवढेच सांगितले आहे. एक आकडा जमेच्या उद्दिष्टाचा, तर दुसरा ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेचा, आणि दोन्ही एकाच मथळ्याखाली. म्हणून मी पोस्टकार्डावरील 'शिफारस' खोडून तेथे 'दिवसाची कमाल मर्यादा' असे लिहिले आणि कार्डावर केवळ साखर, मेद व मीठ यांच्याच ओळी ठेवल्या. भाषांतर म्हणून ते सदोष असेल. पण वहिनींना कळले.

पुढचे काम तराजूचे. 20 ग्रॅम म्हणजे काय? पुतण्याने दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाकिटातील खाकरे एकेक करून ठेवले. काही 19, काही 21, एकूण दहा. म्हणजे कंपनीच्या मते एका वेळचे प्रमाण एकच खाकरा. आपल्या घरात एकच खाकरा खाऊन उठणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. वहिनींचे सकाळचे दोन आणि दुपारचे तीन मिळून पाच, म्हणजे बरोबर 100 ग्रॅम. म्हणजे त्यांच्यापुरता पहिला रकानाच खरा. दिवसाकाठी 900 मिलिग्रॅम सोडियम, 2000 च्या मर्यादेत 45 टक्के.

सोडियमचे मीठ करून पाहिले की ते डोळ्यांना दिसते. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यात वजनाने सोडियमचा वाटा दोन पंचमांशाहून किंचित कमी. म्हणून सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे वजन जवळपास येते. 900 गुणिले अडीच म्हणजे 2250 मिलिग्रॅम, सव्वादोन ग्रॅम. पुतण्याने तेवढे मीठ काट्यावर मोजून कागदावर ठेवले आणि तो कागद आईपुढे नेला. सपाट चमच्याच्या निम्म्याला थोडे कमी एवढी ती ढीगली होती. वहिनी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. वरणातून निम्मे मीठ त्यांनी काढले होते ते याहून फार जास्त नव्हते.

आता ज्यामुळे हा लेख लिहावासा वाटला, ती गोष्ट. पुतण्याने दुकानातून दुसऱ्या एका उत्पादकाचे पाकीट आणले. म्हणाला, "काका, यावर सोडियम साडेपाचच टक्के आहे. आईला हेच देतो." टक्का खरोखरच कमी होता, 9 च्या जागी 5.5. पण बारीक अक्षरांत एका वेळचे प्रमाण 10 ग्रॅम होते, म्हणजे अर्धा खाकरा! अर्धा खाकरा कोण खातो हे त्या उत्पादकालाच ठाऊक. 100 ग्रॅमचा रकाना पाहिला, तर सोडियम 1100 मिलिग्रॅम. पहिल्या पाकिटात 900 होते. म्हणजे टक्क्याने सौम्य दिसणारे पाकीट प्रत्यक्षात अधिक खारट. वहिनींनी तेच पाच खाकरे या पाकिटातून खाल्ले असते, तर 45 च्या जागी 55 टक्के झाले असते. सावकाराचे दोन आणि बँकेचे अठरा, हुबेहूब तोच प्रकार.

यात बेकायदेशीर काहीही नाही. आपल्याकडे एका वेळचे प्रमाण उत्पादक स्वतः ठरवून छापतो. म्हणून दोन पाकिटांची तुलना करायची असेल तर टक्क्यांच्या रकान्यावर बोट ठेवून झाकून टाकावे आणि 100 ग्रॅमचा रकाना समोरासमोर धरावा. तुलनेसाठी 100 ग्रॅम आणि स्वतःच्या ताटासाठी काटा. टक्क्यांचा उपयोग त्यानंतर.

परदेशात मुले असलेल्या कुटुंबांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. अमेरिकेतून येणाऱ्या पाकिटांवर 100 ग्रॅमचा रकाना सहसा नसतोच. सारे आकडे एका वेळच्या प्रमाणाचे असतात. मात्र ते प्रमाण तेथे उत्पादकाच्या मर्जीवर नाही. लोक प्रत्यक्षात एका बैठकीत किती खातात, यावरून सरकारने पदार्थवार मोजमापे ठरवून दिली आहेत. 2016 साली ती सुधारली, तेव्हा आइस्क्रीमचे प्रमाण अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप करण्यात आले, कारण लोक तेवढे खात होते. शिवाय त्यांची सोडियमची दैनिक मर्यादा 2300 मिलिग्रॅमची आहे. त्यामुळे 180 मिलिग्रॅम सोडियम आपल्या पाकिटावर 9 टक्के दिसते, तर त्यांच्या पाकिटावर 8. नातवाने पाठवलेल्या बिस्किटांचे टक्के आणि गोंदियाच्या बिस्किटांचे टक्के शेजारी ठेवून वाचू नयेत.

मिठाबद्दल आपल्या घरांतील दोन समजुतींचाही उल्लेख करतो. पहिली सैंधवाची. सैंधव, काळे मीठ, समुद्रमीठ यांचे रंग व चवी निराळ्या असतील. पण तिन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. पाकिटावर 'सेंधा नमकयुक्त' असे ठळक छापलेले असले तरी सोडियमची ओळ वाचावीच लागते. दुसरी समजूत अशी की, 'लो सोडियम' म्हणून मिळणारे मीठ रक्तदाबाच्या प्रत्येकाला चालते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना पोटॅशियम साचून अपाय होऊ शकतो. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. वहिनींच्या डॉक्टरांनी नकोच म्हणून सांगितले.

मग वहिनींनी एक प्रश्न विचारला, तो केवळ आपल्याच घरांत विचारला जाईल. "अष्टमीला मी मीठ सोडते आणि चहाबरोबर दोन गोड बिस्किटे घेते. त्यातही हे सोडियम आहे का?" बिस्किटाचे पाकीट आणले. 100 ग्रॅममागे 300 मिलिग्रॅम सोडियम! चवीला मीठ कोठेही जाणवत नाही, कारण साखर त्याला झाकते. पण येथे चौकट एकटी पुरत नाही. सोडियम म्हणजे नेहमी मीठच असे नाही. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असते, पापडखारातही असते. चौकट एकूण सोडियम सांगते, ते कोठून आले ते सांगत नाही. त्यासाठी घटकपदार्थांची यादी पाहावी लागते. त्या बिस्किटाच्या यादीत 500 आणि 503 या क्रमांकांचे फुगवणारे पदार्थ होते. यांतील 500 म्हणजे सोडियमचे कार्बोनेट, ज्यात खाण्याचा सोडा येतो. 503 हा अमोनियमचा क्षार, त्यात सोडियम नाही. आणि यादीच्या शेवटी 'मीठ' असा स्वच्छ शब्द होता. रक्तदाबाच्या दृष्टीने सोडा आणि मीठ दोन्ही एकाच खात्यात मोजावेत. व्रताच्या दृष्टीने सोडा चालतो की नाही, हे मी सांगणार नाही. ते महाराजसाहेबांना विचारावे. पण ज्या पदार्थाच्या यादीत मीठ लिहिले आहे, तो मिठाच्या त्यागाच्या दिवशी चालणार नाही, एवढे वाचणाऱ्याला स्वतःलाच कळते. वहिनींनी बिस्किटांचा डबा मागे सारला. एवढी वर्षे नकळत होत आले, याचे त्यांना वाईट वाटले.

साखरेच्या ओळी दोन असतात आणि त्यांचा घोळ मिठाहून अधिक. 'एकूण शर्करा' या ओळीत पदार्थात मुळातच असलेली, म्हणजे दुधातील, फळातील शर्करा आणि वरून घातलेली साखर, अशा दोन्ही येतात. त्याखालची ओळ फक्त वरून घातलेल्या साखरेची. टक्का काढतात तो या दुसऱ्या ओळीचाच. साध्या दह्याच्या डब्यावर एकूण शर्करा चार-पाच ग्रॅम दिसली म्हणून दचकू नये. ती दुधाची आहे. श्रीखंडाच्या डब्यावर मात्र दुसरी ओळच पाहावी.

पुतण्याच्या धाकट्या मुलाला, वय आठ, दुधात घालायची चॉकलेटी पूड लागते. तिच्या चौकटीत 100 ग्रॅममागे एकूण शर्करा 44 ग्रॅम आणि वरून घातलेली साखर 36 ग्रॅम होती. मधले 8 ग्रॅम दुधाच्या भुकटीचे. एका वेळचे प्रमाण 20 ग्रॅम, म्हणजे साखर 7.2 ग्रॅम, आणि टक्का 14. आईवडिलांना हा आकडा क्षुल्लक वाटला. पण मुलगा दोन वेळा दूध पितो, आणि दोन्ही वेळा आजी वरून एक चमचा साखर घालते. चमचा पाच ग्रॅमचा धरला, तर पुडीतील 14.4 आणि चमच्यांचे 10 मिळून 24.4 ग्रॅम झाले. हे 50 च्या मर्यादेत जवळपास निम्मे. त्यातही 50 ग्रॅमची मर्यादा 2000 किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढाची. एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा नसावा, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण. 2000 चे दहा टक्के 200, आणि एका ग्रॅम साखरेत 4 किलोकॅलरी, म्हणून 50 ग्रॅम. आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे 1700 किलोकॅलरी लागतात. त्याच रीतीने त्याची मर्यादा साडेबेचाळीस ग्रॅम निघते. तिच्यातील 57 टक्के केवळ दोन पेले दुधात संपले. चॉकलेट, जाम, सरबत अजून बाकी. संघटना तर हा वाटा शक्यतो पाच टक्क्यांच्या खाली आणावा असे सुचवते. त्या हिशेबाने मुलाचा दिवसाचा कोटा दुधातच ओलांडला गेला.

यादीत साखर नेहमी साखर या नावानेच येते असे नाही. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणून एकच साखर तीन नावांत विभागली की तिन्ही नावे यादीत खाली सरकतात. द्रव ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज ही सारी तिचीच भावंडे. गूळही साखरेच्या खात्यातच मोजायचा. 'गुळाचे बिस्किट' हे आरोग्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टापासून केलेला पदार्थ साखरेच्या ओळीत सहसा दिसत नाही, कर्बोदकांत दिसतो. पण रक्तातील साखर मात्र झपाट्याने चढवतो. म्हणून मधुमेहींनी साखरेच्या ओळीवर थांबू नये, एकूण कर्बोदकांची ओळ वाचावी. 'शुगर फ्री' असा दावा करायचा तर 100 ग्रॅममध्ये साखर अर्ध्या ग्रॅमहून अधिक नसावी, असा नियम आहे. त्या नियमात मैद्याविषयी काहीही म्हटलेले नाही. शुगर फ्री बिस्किटात कर्बोदके साठ-पासष्ट ग्रॅम असू शकतात, आणि मैद्याचीही शेवटी साखरच होते.

खाकऱ्याकडे परत येतो. वहिनींनी ठरवले की विकतचे बंद, घरीच करायचे. सर्वांना वाटले की प्रश्न मिटला. मला मात्र बँकेतली खोड स्वस्थ बसू देईना. घरच्या खाकऱ्यावर चौकट नसते. म्हणून ती आपणच तयार करावी म्हटले. वहिनींनी नेहमीच्या पद्धतीने अर्धा किलो कणीक घेतली, तेलाचे मोहन, मेथी, ओवा, आणि हाताच्या अंदाजाने मीठ. ते मीठ कणकेत पडण्याआधी मी काट्यावर ठेवले. 10 ग्रॅम भरले. त्या कणकेचे खाकरे झाले सत्तावीस. 10 ग्रॅम मिठात सोडियम सुमारे 4000 मिलिग्रॅम. सत्तावीसने भागले, तर एका खाकऱ्यात सुमारे 150. विकतच्या पाकिटात 180 होते.

वहिनी पहिल्यांदा मानायलाच तयार होईनात. "घरचे ते घरचेच, भाऊजी." मी पुन्हा भागाकार करून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी 5 ग्रॅमच मीठ घातले, मेथी आणि जिरे वाढवले, वर थोडा आमचूर. एका खाकऱ्यात 75 मिलिग्रॅम; पाच खाकऱ्यांचे 375, म्हणजे 19 टक्के. पहिले दोन दिवस मुलांनी नाके मुरडली. आता त्याच कणकेत 10 ग्रॅम मीठ घातले तर खारट लागेल, असे पुतण्याची बायको म्हणते.

पोस्टकार्ड अजून खाकऱ्याच्या डब्यावर चिकटवलेले आहे, आकडे मात्र खोडून नवे लिहिले आहेत. वहिनींनी आता पापडाच्या डब्यासाठीही तसेच कार्ड मागितले आहे. पापडाचे पाकीट आणले, तर चौकट नेमकी चिकटपट्टीच्या शिवणीखाली गेलेली. सोडियमची ओळ अर्धीच दिसते. पहिला आकडा 1 आहे आणि एकूण आकडे चार आहेत, एवढेच वाचता येते. पुतण्या उद्या दुसरे पाकीट आणणार आहे.